खाड्याची वही: रहस्यकादंबरीतलं दुय्यम पात्र सपाट का पडतं आणि संपादक ते कसं भरतो

रहस्यकादंबरीच्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात मध्यावर कुठेतरी एक माणूस येतो, तपास करणाऱ्याला हवी ती माहिती देतो आणि निघून जातो. कधी तो वॉचमन असतो, कधी शेजारीण, कधी खानावळीतली काकू. हस्तलिखित वाचलेले मित्र लेखकाला सांगतात, ‘ती काकू जरा सपाट वाटली रे.’ लेखक घरी जाऊन तिला गुडघेदुखी देतो, नवरा गेल्याचं दुःख देतो, जुनी गाणी गुणगुणायची सवय लावतो. पुढच्या खर्ड्यात काकू पुन्हा येते आणि तितकीच सपाट वाटते, फक्त आता ती लंगडत येते.

असं का होतं आणि त्यावर संपादक म्हणून नेमकं काय करायचं, हे एकाच पात्रावर शेवटपर्यंत काम करून दाखवतो. त्यासाठी एक कादंबरी बेतली आहे. वेगवेगळ्या हस्तलिखितांत पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका तिच्यात एकत्र केल्या आहेत, आणि तिचा लेखकही तसाच बेतलेला आहे. जागा पुण्याचीच आहे: शास्त्री रस्ता, नवी पेठ, सदाशिव पेठ हा स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा पट्टा. एका अभ्यासिकेच्या मालकाचा बुधवारी रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान खून होतो. खुनी नीलेश हा विद्यार्थी. सहायक पोलीस निरीक्षक देवकर तपास करतात. आणि नीलेश जिथे जेवतो त्या मेसच्या शालनकाकू हे आपलं पात्र.

पहिल्या खर्ड्यात काकू अशा आहेत, फक्त तिथे मूळ रविवार होता तो सोयीसाठी इथे बुधवार केला आहे:

देवकरांनी शालनकाकूंना पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं.
‘बुधवारी रात्री नीलेश जेवायला आला होता का?’
‘नाही साहेब. तो रोज साडेआठला येतो, पण बुधवारी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा फार घाबरलेला दिसत होता.’
‘धन्यवाद काकू, तुमची खूप मदत झाली.’
काकूंनी जबाबावर सही केली आणि पदर सावरत त्या निघून गेल्या.

आधी पेन्सिल, मग मत

‘सपाट’ हा शब्द लेखकाला सांगून उपयोग नसतो, कारण त्यातून काय करायचं ते कळत नाही. म्हणून मी त्या पात्राची सगळी पानं वेगळी काढतो आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेतो. पात्र कथानकाला काही देतं ती वाक्यं निळी. पात्र स्वतःसाठी काही मागतं, लपवतं, टाळतं किंवा वाचवतं ती लाल. शालनकाकू पूर्ण कादंबरीत तीनदा येतात आणि तिन्ही वेळा पान निळंच राहतं. पदर सावरणं लाल नव्हे, ती नुसती हालचाल आहे. गुडघेदुखीही लाल नव्हे. गुडघा दुखतो म्हणून काकू काही वेगळं वागल्या असत्या, तर ती लाल झाली असती.

त्यानंतर अदलाबदल. काकूंची वाक्यं समोरच्या इस्त्रीवाल्याच्या तोंडी घालून पाहा. ‘तो रोज साडेआठला जातो, पण बुधवारी गेला नाही.’ काहीच बिघडलं नाही. म्हणजे या प्रसंगाला काकूंची गरज नाही, फक्त एका तोंडाची गरज आहे.

याचं मूळ लेखकाच्या आळसात क्वचितच असतं. रहस्यकथा उलट्या बाजूने बांधावी लागते. खुनी कोण हे आधी ठरतं, मग तो कशामुळे सापडतो ते, आणि मग ते देवकरांना कोण सांगणार ते. काकूंचा जन्मच या तिसऱ्या पायरीवर झालेला असतो. त्यांच्याकडे माहिती आहे, पण ती देताना त्यांचं काही जात नाही. फुकट दिलेली माहिती वाचकाच्या लक्षात राहत नाही आणि देणाराही राहत नाही. दुरुस्तीची सुरुवात इथूनच होते: काकूंचा स्वभाव काय हे नंतर पाहू, आधी सांगा की खरं बोलल्याने त्यांचं नुकसान काय?

पुण्यातल्या हस्तलिखितांत एक आडवाट हमखास दिसते. सदाशिव पेठेतली काकू म्हटली की लेखक तिला खडूस करतो, दारावर एक खवचट पाटी लावतो आणि पात्र झालं असं समजतो. तो शिक्का वाचकाने शंभरदा पाहिलेला असतो. तो दिसला की वाचक काकूंकडे बघणंच थांबवतो, कारण त्याला त्या आधीच माहीत झालेल्या असतात.

तिच्या धंद्यात उतरा

मी लेखकाला पात्राचं बालपण लिहायला सांगत नाही. पात्र पैसे कसे मिळवतं ते शोधायला सांगतो. गुन्ह्याच्या कादंबरीत नुकसान बहुतेक वेळा तिथेच सापडतं. या लेखकाला मी पाठवलं ते एखाद्या मेसमध्ये दोन वेळ जेवायला आणि हिशेब कसा चालतो ते विचारायला.

पहिलीच गोष्ट त्याला कळली ती अशी की त्याने खून रविवारी रात्री ठेवला होता, आणि रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण देऊन संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. म्हणून खून बुधवारी आला. दुसरी गोष्ट मात्र सोन्यासारखी होती: खाडा.

मेसमध्ये जेवलेला कोणीही हा शब्द विसरत नाही. मुलगा गावी जाणार असला की तो आधी सांगून खाडा लावतो आणि तेवढ्या जेवणांचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होतात. नियम प्रत्येक मेसचे वेगळे. शालनकाकूंचा नियम लेखकाने असा ठरवला: सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही आणि आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. न सांगता कोणी आला नाही तर जेवण तयार असतं, ते वाया जातं, म्हणून वहीत त्याच्या नावापुढे जेवल्याची खूण पडते.

आता बुधवारची रात्र पुन्हा पाहा. नीलेश न सांगता गैरहजर होता. म्हणजे काकूंच्या वहीत तो जेवला आहे. त्यांनी खोटं काही केलेलं नाही, रोजचा नियम पाळला आहे, आणि तरी खुन्याला त्यांच्या हातून भक्कम बचाव मिळाला आहे. शिवाय कोणाला तरी हे समजावून सांगायचं तर ‘माझ्या वहीतली खूण म्हणजे मुलगा जेवला असं नाही’ हे कबूल करावं लागणार. पैशांवरून आधीच कुरकुर करणाऱ्या अठ्ठावीस मुलांच्या समोर ते वाक्य म्हणणं काकूंना परवडणारं नाही.

एका शब्दाने पात्र आणि कथानक दोन्ही हललं. पात्र खोल करणं म्हणजे कथानकावर वरून लिंपण करणं असं मानलं की हे हाती लागत नाही. खोली आली की बहुतेक वेळा धागा जिथून मिळत होता ती जागाच बदलते, आणि लेखकाला पुढची दोन-तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात. हे त्याला आधीच सांगून ठेवावं.

कायदा काकूंच्या स्वयंपाकघरात जातो

पहिल्या खर्ड्यात देवकर काकूंना ठाण्यात बोलावतात. इथे चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या १७९ व्या कलमानुसार साक्षीदार स्त्री असेल तर पोलिसांना तिला राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. ती आपणहून यायला तयार असेल तर येऊ शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६० व्या कलमातही स्त्रियांना हे संरक्षण होतं, तेव्हा कादंबरी दहा वर्षांपूर्वी घडत असली तरी सुटका नाही. दुसरी चूक सहीची. तपासात पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात, पण त्यावर त्याची सही घेत नाहीत. आताचं कलम १८१, पूर्वीचं १६२.

अशा चुका संपादकाने नुसत्या खोडू नयेत. कायद्याने देवकरांना काकूंच्या घरी पाठवलं, तर तिथे त्यांना काय दिसेल? काकूंची मेस वाड्यातल्या दोन खोल्यांत चालते, त्या राहतातही तिथेच. तीन शेगड्या, आणि त्यांना जोडलेले १४.२ किलोचे लाल घरगुती सिलिंडर. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, घरगुती चालत नाही. काकूंना हे पक्कं माहीत आहे. म्हणजे खाकी कपड्यातला माणूस दारात उभा राहतो तेव्हा काकूंच्या डोक्यात खून नसतो, सिलिंडर असतो.

गुन्ह्याच्या कादंबरीत साक्षीदाराची भीती मुख्य गुन्ह्याहून वेगळी आणि त्याहून लहान असली तर ती फार उपयोगी पडते. तिच्यामुळे साक्षीदार बिचकतो, वाचकाला संशय येतो, आणि शेवटी उलगडा होतो तेव्हा वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही. इथे भीती खुनाइतकीच मोठी केली, म्हणजे समजा काकूंच्याही हातून पूर्वी कोणी मेलं असं दाखवलं, तर त्या कादंबरी गिळून टाकतील.

छापायचं नाही असं एक पान

प्रसंग पुन्हा लिहिण्याआधी लेखकाकडून एक पान लिहून घेतो: देवकर यायच्या आधीचा काकूंचा सकाळपासूनचा दिवस, त्यांच्या बाजूने. हे पान पुस्तकात जात नाही. या लेखकाने लिहिलं ते असं की पहाटे पाचला कणीक, माणशी चार याप्रमाणे अठ्ठावीस मुलांच्या एकशे बारा पोळ्या, पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंना पोळीमागे मजुरी, म्हणून रोजचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. रात्री किती उरल्या तेही तिथेच, म्हणजे दुसऱ्या दिवशी कणीक किती भिजवायची ते ठरतं.

मी त्या पानातल्या एकाच ओळीखाली रेघ मारली, ‘रात्री किती उरल्या’. बाकीचं पान तिच्यासाठीच होतं.

नवा प्रसंग

दुसऱ्या खर्ड्यात हाच प्रसंग असा झाला:

देवकर उंबऱ्याशी आले तसा काकूंनी आतल्या खोलीचा पडदा ओढला.
‘इथंच बसा साहेब. आत फार उकडतं.’
‘नीलेश बुधवारी रात्री जेवायला होता?’
‘वहीत असेल की.’ त्यांनी वही पुढे केली. नीलेशच्या नावापुढे, बुधवारच्या चौकोनात, खूण होती.
‘म्हणजे होता.’
‘खूण आहे ना साहेब.’
आत कुकरची शिट्टी झाली. काकू हलल्या नाहीत.
पडद्याच्या कडेने पोळ्या करणाऱ्या बाई डोकावल्या. ‘एकशे बारा झाल्या.’ काकूंनी मान न वळवता खिळ्याला टांगलेली पेन्सिल घेतली आणि कालनिर्णयात आकडा टाकला. दुसरी शिट्टी झाली. मग तिसरी.
‘काकू, कुकर बघा.’
‘होऊ दे. भात काय, थोडा मऊ होईल.’
देवकर वहीचा फोटो काढून जिना उतरले. खाली पोचले तेव्हा वर पडदा सरकल्याचा आवाज आला आणि शिट्टी थांबली.

आता लाल पेन्सिल फिरवा. पडदा, जागची न हलणारी काकू, मऊ होऊ दिलेला भात: खानावळवाली बाई तीन शिट्ट्या होऊनही उठत नाही, हे वाचकाला खुपतं आणि खुपायलाच हवं. ‘खूण आहे ना साहेब’ हे वाक्य खोटं नाही. काकू खोटं न बोलता खरं दडवतात, आणि त्यांचा सगळा स्वभाव त्या चार शब्दांत आहे. ‘काकू घाबरल्या होत्या’ असं एक वाक्य लेखकाने आधी इथे घातलं होतं, ते आम्ही काढलं. शिट्ट्या ते काम करतात.

कालनिर्णयातला आकडा वाचकाच्या डोळ्यासमोरून गेला आहे. रहस्यकादंबरीचा वाचक प्रत्येक तपशिलाकडे धागा म्हणून बघतो, ही या प्रकाराची मोठी अडचण. पात्राला रंग देण्यासाठी घातलेली प्रत्येक गोष्ट त्याला खुणावते. मोकाट सोडलेला तपशील शेवटी हिशेबात लागला नाही तर तो नाराज होतो. म्हणून दुय्यम पात्राला तपशील थोडेच द्यावे आणि दिलेल्या प्रत्येकाला दोन कामं लावावीत. इथे आकडा काकूंचा काटेकोरपणा दाखवतो, आणि बावीस प्रकरणांच्या कादंबरीत एकोणिसाव्या प्रकरणात पुन्हा लागतो. गुडघेदुखीला दुसरं काम मिळालं नाही, म्हणून ती गेली.

परत येणं

एका प्रसंगाने पात्र भरत नाही. पहिल्या प्रसंगात दडवल्याचा परिणाम कोणावर तरी पडला पाहिजे, आणि तो पात्राला दिसला पाहिजे. लेखक इथे बराच अडला होता. त्याला काकूंना पश्चात्ताप द्यायचा होता, पण कशाचा ते सापडत नव्हतं. उत्तर पुन्हा वहीतच होतं.

मेसमधला दुसरा मुलगा, सचिन. त्याने रीतसर सांगून तीन दिवसांचा खाडा लावला होता, म्हणून बुधवारच्या चौकोनात त्याच्या नावापुढे ‘खा’ आहे. पण तो गावी गेलाच नाही. घरून पैसे आले नव्हते, म्हणून जेवणाचे पैसे वाचवायला वडापाव खाऊन खोलीवर पडून राहिला, आणि लाजेपोटी हे कोणालाच सांगत नाही. देवकरांच्या हातात वहीचा फोटो आहे. त्याप्रमाणे नीलेश जेवत होता आणि सचिन पुण्यात असूनही मेसला नव्हता, गावी जातो असं खोटं सांगून. सोळाव्या प्रकरणात पोलीस सचिनला चौकशीला नेतात. ज्याने काकूंचा नियम पाळला तो अडकला आणि ज्याने मोडला तो सुटला. काकूंना हे कळतं ते त्याचा पंगतीतला नेहमीचा कोपरा रिकामा पाहून.

एकोणिसाव्या प्रकरणात काकू आपणहून पोलीस ठाण्यात येतात. पहिल्या वेळी कायद्याने त्यांना बोलावता येत नव्हतं म्हणून देवकर गेले होते. आता कोणी न बोलावता त्या आल्या आहेत. कायद्यातली ती सवलत त्या सोडतात, आणि हे कोणालाही उलगडून सांगावं लागत नाही. पिशवीतून त्या कालनिर्णयाचं पान काढतात. बुधवारी सचिनचा खाडा धरून सत्तावीस जणांच्या एकशे आठ पोळ्या, आणि खाली बारीक अक्षरात ‘उ. ४’.

‘चार म्हणजे एक माणूस, साहेब. नीलेशचं ताट मी साडेदहापर्यंत झाकून ठेवलं होतं.’
‘वहीत तर खूण आहे.’
‘ती पैशाची खूण आहे. जेवणाची नाही.’ मग जरा थांबून, ‘आणि तुम्ही परत घरी याल तेव्हा पडद्यामागं काय आहे तेही बघाल. बघा.’

लेखकाने पहिल्यांदा इथे देवकरांना ‘आता मी तुला पकडलं’ असं वाटायला लावलं होतं. ते चुकीचं होतं. चार पोळ्या उरल्या हा पुरावा नव्हे. कोणीही दोघांनी दोन-दोन कमी खाल्ल्या असतील. शिवाय पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब स्वतःच्या बळावर खटल्यात उभा राहत नाही, काकूंना न्यायालयात येऊन साक्ष द्यावी लागेल. देवकरांना यातून मिळतं ते एवढंच की नीलेशला पुन्हा विचारायला कारण मिळतं. साक्षीदार खोल झाला की त्याच्या हातचा पुरावा बळकट करायचा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर तपास करणाऱ्याचं काम काकूच उरकून टाकतात.

बिघडतं कुठे, आणि ते कसं ओळखायचं

पहिला बिघाड लांबीचा. काकूंची मूळची तीन पानं नव्या खर्ड्यात आठ झाली. मी लेखकाला साडेपाचवर आणायला सांगितलं, कारण सोळाव्या प्रकरणात त्यांच्या माहेरची गोष्ट आली होती. ती वाचताना सचिन कोठडीबाहेर चौकशीला बसला आहे हे वाचक विसरत होता. मुख्य तपास मागे पडला की पात्र कितीही चांगलं असो, ती पानं गेली पाहिजेत.

दुसरा बिघाड, काकू खुनी वाटू लागणं. थोडा संशय हवा, पण मधल्या प्रकरणांत वाचक त्यांच्यावरच नजर ठेवून बसला तर नीलेशचा माग फिका पडतो. हे तपासायला हस्तलिखित अर्ध्यावर थांबवून दोघा-तिघांना विचारायचं: कोणावर संशय आहे, आणि कोणाचं पुढे काय होईल याची काळजी वाटते? काकूंचं नाव दुसऱ्या उत्तरात आलं पाहिजे. पहिल्यात कधीमधी आलं तर चालेल. दोन्हींत नाही आलं तर पेन्सिली घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

तिसरा बिघाड संपादकाच्याच हातून होतो. समासात मी वाक्यं लिहून द्यायला लागलो की काकू माझ्या होतात, लेखकाच्या राहत नाहीत, आणि कादंबरीत दोन आवाज ऐकू येतात. म्हणून समासात प्रश्न लिहायचे. ‘पोलीस दारात असताना काकूंना सगळ्यात आधी काय लपवावंसं वाटेल?’ या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना लेखकाला सिलिंडर सापडला, आणि कुकरच्या शिट्ट्या त्याच्याच आहेत.

समोरच्या इस्त्रीवाल्याला मात्र आम्ही हात लावला नाही. तो देवकरांना वाड्याचा जिना कुठून आहे ते दाखवतो आणि पुन्हा शर्टाच्या कॉलरवर इस्त्री टेकवतो. जिना कुठे आहे हे सांगितल्याने त्याचं काहीच जात नाही, म्हणून त्याला नावही दिलं नाही.